जुन्या वाड्यात न्हाणीघर आणि वीज: वाईजवळच्या एका घराचं प्रकरण

वाईच्या पलीकडे कृष्णेकाठच्या एका गावात हा वाडा आहे. घराण्याचं नाव इथे देत नाही. एकचौकी घर, साधारण सव्वाशे वर्षांपूर्वीचं. काळ्या दगडाचं तीन फुटी जोतं, खिडकीच्या तळापर्यंत दगडी भिंत आणि त्यावर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची, म्हणजे न भाजलेल्या विटांची, दोन फूट जाड भिंत, वरून चुन्याचा गिलावा. खांब-तुळया सागवानी, माडीची जमीन कडीपाटाची, म्हणजे आडव्या लाकडी कड्यांवर फळ्या टाकून केलेली. मागे पडवी, पडवीच्या कोपऱ्यात दगडी न्हाणी, तिची मोरी परसात केळीच्या आळ्यात जाते. परसात विहीर आहे आणि शेवटच्या टोकाला शौचालय, तेही सत्तरच्या दशकात बांधलेलं.

घरात काकू राहतात, वय पंच्याहत्तरच्या पुढे. मुलगा आणि सून पुण्यात, सणासुदीला आणि सुट्टीत येतात. काकूंची अडचण सरळ होती. ‘रात्री उठून परसाच्या टोकाला जायचं म्हणजे जिवावर येतं, पावसाळ्यात तर विचारू नका,’ असं त्या म्हणाल्या. मुलाची मागणी जरा वेगळी होती: माडीवर झोपायच्या खोलीला लागून न्हाणीघर, त्यात शॉवर, गीझर, कमोड आणि घरभर नवीन वायरिंग, तेही सगळं भिंतीच्या आत. गावातल्या ठेकेदाराने या कामाचा अंदाजही देऊन ठेवला होता. त्याच्या दृष्टीने काम सोपं होतं. कटरने झिरी मारायची, पाइप टाकायचे, सिमेंटने बुजवायचं आणि वरून टाइल.

वाडा कोणत्याही वारसा यादीत नव्हता आणि जवळ संरक्षित स्मारकही नव्हतं, म्हणून परवानगीचा प्रश्न आला नाही. तुमचं घर पालिकेच्या वारसा यादीत असेल, किंवा केंद्र संरक्षित स्मारकापासून तीनशे मीटरच्या आत असेल, तर दुरुस्तीलाही आधी परवानगी लागते. ती पाहिल्याशिवाय गवंड्याला बोलावू नका.

संवर्धनाच्या तत्त्वांची चर्चा बहुतेक वेळा दोन मुद्द्यांभोवती फिरते. गरजेपुरतंच बदला, आणि जे बदलाल ते पुढे काढून टाकता येईल असं करा. ऑस्ट्रेलियात १९७९ साली तयार झालेल्या बर्रा सनदेचा गाभा हाच आहे. मला दोन्ही मान्य आहेत, पण पाणी आणि वीज जुन्या घरात आणताना मी तिसरी अट त्यांच्याही आधी ठेवतो: नवी सोय बिघडली की ते लगेच डोळ्यांना दिसलं पाहिजे. मातीच्या भिंतीतला पाइप गळायला लागला तर दोन-तीन वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. भेंडा पाणी पितो, मऊ होतो, त्यात रुतलेलं तुळईचं टोक ओलं राहतं, मग कुजतं. वर गिलाव्याला फुगा येतो तोवर आत निम्मं काम झालेलं असतं. तारेचंही तसंच आहे. या घरातला प्रत्येक निर्णय आम्ही या अटीवर तपासला.

पहिला प्रश्न जागेचा. खरं सांगायचं तर संवर्धनाचं बहुतेक काम जागा ठरवतानाच होऊन जातं. जागा चुकली तर पुढे कितीही चांगलं साहित्य वापरा, उपयोग होत नाही.

माडीवरचा पर्याय मी आकड्यांनी तपासला, कारण ‘जुनं घर आहे, नको’ एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही आणि होऊही नये. आपल्याकडे न्हाणीघराची जमीन करताना विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात. आठ इंचांचा कोबा धरला तरी चौरस मीटरला साडेतीनशे ते चारशे किलो वजन येतं. त्यावर टाइल आणि तिच्या खालचा मसाला मिळून आणखी शंभर. राहत्या घराच्या जमिनीवर माणसं आणि सामान मिळून जो भार भारतीय मानकात धरतात तो चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास आहे. म्हणजे एकही माणूस आत जायच्या आधीच कड्यांवर दुपटीहून जास्त भार. आणि हा भार कायमचा. सागवान ताकदीचं असलं तरी कायमच्या भाराखाली वर्षानुवर्षं हळूहळू वाकत जातं. कड्या वाकल्या की कोब्याला चीर पडते आणि त्या चिरेतून पाणी थेट लाकडावर येतं.

ओलाव्याचंही पाहिलं. लाकडातला ओलावा मोजायचं दोन सुयांचं छोटं यंत्र मिळतं. माडीखालच्या तुळया मधोमध मोजल्या तेव्हा चौदा टक्क्यांच्या आसपास होत्या, म्हणजे उत्तम. पण ज्या कोपऱ्यात न्हाणीघर सुचवलं होतं तिथे तुळईचं टोक भिंतीत शिरतं त्या जागी चोवीस टक्के दाखवत होतं. वीसच्या वर सतत राहिलं की बुरशीला वाव मिळतो. तिथे हातोडीने हलकंच ठोकलं तर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, आणि आरी सहज अर्धा इंच आत गेली. कारण वरच सापडलं: फुटक्या कौलातून पावसाळ्यात पाणी येत होतं. म्हणजे जिथे पाणी आणायचं म्हणत होतो तो घराचा आधीच आजारी कोपरा होता. आधी कौलं बदलली आणि तुळईचं टोक उघडं करून वाळू दिलं. पुढच्या उन्हाळ्याअखेर तिथला आकडा सोळावर आला. कुजलेला भाग वरवरचा होता, तो तासून काढला आणि शेजारी जुन्याच सागवानाचा टेकू दिला.

मुलाला मी हे यंत्र हातात देऊन स्वतःच मोजायला सांगितलं होतं. माडीचा हट्ट त्यानेच सोडला. पुण्यातल्या पेठांत परस नसलेले वाडे आहेत, तिथे कधी कधी माडीवर सोय करावीच लागते. तेव्हा कोबा पूर्ण टाळून हलका ट्रे बसवायचा आणि सगळे पाइप भिंतीबाहेर उघड्यावर उतरवायचे, एवढाच मार्ग उरतो. इथे परस होतं, म्हणून त्या वाटेला जायचं कारण नव्हतं.

मग पडवीतली न्हाणी. ज्यांनी घर बांधलं त्यांनी पाणी कुठे वापरायचं हे विचार करून ठरवलं होतं. खाली एकसंध दगडी फरशी, तिला मोरीकडे उतार, भिंतीचा खालचा भाग दगडी, वर माती. माजघरात काकूंचा पलंग आहे, तिथून पडवीचं दार दहा-बारा पावलांवर. घराने पाण्यासाठी जी जागा आधीच राखून ठेवली आहे तिथेच नवं पाणी आणायचं, हे ठरल्यावर अर्धे वाद आपोआप मिटले.

आता तिथे बांधायचं कसं? नेहमीची पद्धत म्हणजे न्हाणीचा दगड फोडून ट्रॅप, म्हणजे वास अडवणारा वळणदार पाइप, बसवणं आणि मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करून टाइल लावणं. सिमेंटचा थर मातीच्या भिंतीला श्वास घेऊ देत नाही. जमिनीतून वर चढणारी ओल पूर्वी चुन्यातून बाहेर पडून वाळत होती. सिमेंट लावलं की ती आतच कोंडते आणि आणखी वर चढते. शिवाय कडक सिमेंट आणि मऊ भेंडा यांचं जमत नाही, काही वर्षांत गिलाव्याचा पापुद्रा भेंड्याची माती घेऊनच सुटतो. हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की मातीच्या भिंतीवर सिमेंट म्हटलं की मी थेट नकार देतो.

आम्ही जुन्या भिंतींना न टेकणारी एक स्वतंत्र खोकी उभी केली. पाच फूट बाय सात फूट, उंची साडेसात फूट. जस्त चढवलेल्या लोखंडी चौकोनी नळ्यांचा सांगाडा, आतून सिमेंट-फायबरचे बोर्ड, त्यावर जलरोधक लेप आणि टाइल. सांगाडा न्हाणीच्या दगडावर कमी-जास्त करता येणाऱ्या पायांवर उभा आहे, प्रत्येक पायाखाली रबराची चकती. दगडाला एकही भोक नाही. अंघोळीच्या जागी फायबरचा ओतीव ट्रे बसवला, म्हणजे जमिनीत सांधाच राहिला नाही. जुनी भिंत आणि खोकी यांत तीन इंचांची फट सोडली आहे. सगळे पाइप याच फटीतून जातात, आणि एका बाजूला बिजागरीची फळी आहे, ती उघडली की प्रत्येक सांधा समोर दिसतो. फट वर-खाली उघडी असल्याने तिथून हवा खेळती राहते आणि मागची भिंत पूर्वीसारखीच वाळते.

कमोड निवडताना एक छोटी गोष्ट फार महत्त्वाची ठरली. बाजारात सर्रास मिळणारं भांडं एस ट्रॅपचं असतं, त्याचं तोंड खाली जमिनीत उतरतं, म्हणजे दगड फोडणं आलं. पी ट्रॅपच्या भांड्याचं तोंड मागे भिंतीकडे निघतं. आम्ही पी ट्रॅप घेतलं. त्याचा पाइप फटीतून आडवा जाऊन पडवीच्या टोकाला जुन्या झरोक्याखालच्या एका दगडाच्या जागेतून बाहेर पडतो. तो दगड सैल झालेलाच होता. तो काढला आणि त्यावर खूण करून माळ्यावर ठेवला आहे. अंघोळीचं पाणी मात्र जुन्या मोरीतूनच, आधीसारखं केळीला जातं.

मैला कुठे न्यायचा यात विहिरीमुळे पेच होता. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून अठरा मीटर आणि घरापासून सहा मीटर तरी लांब हवा. आमची विहीर घराजवळ आणि परस लांबलचक, म्हणून सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा दोन्ही परसाच्या शेवटाला जुन्या शौचालयापाशी नेले. ११० मिलिमीटरचा पाइप साठास एक उताराने, प्रत्येक वळणावर झाकण काढता येईल असा चेंबर. पाया उकरावा लागू नये म्हणून पाइप भिंतीच्या कडेने न नेता सरळ परसाच्या मधून नेला.

पाण्याची टाकी माळ्यावर ठेवू असं ठेकेदार म्हणत होता. पाचशे लिटर म्हणजे अर्धा टन, आणि गळाली तर थेट कडीपाटावर. टाकी परसात वेगळ्या लोखंडी घोडीवर ठेवली. उंची फार नसल्याने शॉवरला धार कमी येते, ती एक छोटा पंप भागवतो. गीझर पंधरा लिटरचा. पाणी भरलं की त्याचं वजन पंचवीस किलोच्या आसपास होतं, म्हणून तो मातीच्या भिंतीवर टांगला नाही, खोकीच्या सांगाड्यालाच बसवला.

या सगळ्यात एक गोष्ट गमवावी लागली. पडवीचा तो कोपरा मोकळा होता, तिथे बसून न्हाणीचा दगड आणि पलीकडचं परस एका नजरेत दिसायचं. आता तिथे खोकी आहे. तिला बाहेरून जुन्या लाकडाचा आव आणणारी फळ्यांची नक्कल लावूया, असं सुनेने सुचवलं होतं. मी नको म्हटलं. नवं ते नवं म्हणून ओळखू यावं, फक्त त्याने भडक असू नये. बाहेरून पांढरट चुन्याच्या रंगाचा साधा बोर्ड ठेवला.

आता वीज. घरातली जुनी वायरिंग सागवानी पट्ट्यांवर क्लिपा मारून बसवलेली होती, रबराचं आवरण असलेली. माजघरातली एक क्लिप मी सरळ केली आणि वायर बोटाने जराशी वाकवली. आवरण बिस्किटासारखं तुटून पडलं, आत तांब्याची तार उघडी. ती पट्टी सुक्या सागवानी तुळईला चिकटून गेली होती. चिनीमातीच्या फ्यूजमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी तांब्याचे जाड पदर गुंडाळलेले, म्हणजे कितीही भार आला तरी वितळणार नाहीत. अर्थिंग नावालाही नव्हतं. तारेचं आवरण शाबूत आहे का ते तपासणाऱ्या मेगर या यंत्राने पाचशे व्होल्टवर तपासलं तेव्हा इन्सुलेशन निदान एक मेगाओम हवं असतं. दोन सर्किटं त्याच्या जवळपासही नव्हती. अशा घरात गीझर लावायचा म्हणजे आगीला आमंत्रण. त्यामुळे तारा सगळ्या बदलायच्या, यात माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. जुनं जपायचं म्हणजे जुनी तार जपायची असा कुणाचा समज असेल तर तो धोकादायक आहे.

पण वाट बदलायची गरज नव्हती. सत्तर वर्षांपूर्वीच्या वायरमनने पट्ट्या फार विचाराने नेल्या होत्या. तुळईच्या वरच्या कडेला, ओसरीत बसलेल्याच्या नजरेआड, खांबावर तुळई पेलणाऱ्या कोरीव हस्तांना वळसा घालून. पट्ट्या बऱ्याच ठिकाणी शाबूत होत्या. त्यांच्यावर जुन्याच खिळ्यांच्या भोकांत नव्या क्लिपा मारून दुहेरी आवरणाची, आगीत कमी धूर करणारी, हॅलोजनमुक्त केबल टाकली. माळ्यावर मात्र उंदरांचा सुळसुळाट आहे, तिथे प्रत्येक केबल लोखंडी कंड्यूटमधून नेली. माडीवर चढायला नवं भोक पाडलं नाही, जिन्याच्या तोंडाशी असलेल्या जुन्या फटीतूनच केबल वर गेली.

भिंतीत झिरी मारायला मी का नको म्हटलं, हे ठेकेदाराच्या माणसाला दाखवून पटवावं लागलं. मागच्या पडक्या भिंतीवर त्याला एक हातभर झिरी मारू दिली. दीड इंच रुंदीची झिरी हवी होती, भेंडे ढासळून चार इंचांची झाली. तो स्वतःच म्हणाला, ‘सर, ही भिंत कटर धरतच नाही.’

स्विचबोर्डाचा प्रश्न त्यातूनच आला, कारण मातीच्या भिंतीत स्क्रूही धरत नाही. खांबाला खिळे मारणं सोपं होतं, पण या खांबांवर खालपासून वरपर्यंत कोरीव काम आहे. आम्ही खांबाच्या मागच्या अंगाला जमिनीपासून तुळईपर्यंत एक सागवानी फळी उभी केली, वर पाचर मारून घट्ट बसवली आणि दोन पितळी पट्ट्यांनी खांबाला आवळली. बोर्ड त्या फळीवर. पंख्यांसाठीही तुळईला भोक पाडलं नाही, तुळईभोवती बसणारे लोखंडी आवळे करून घेतले. तुळईच्या खालच्या अंगाला खाच किंवा भोक पाडणं सगळ्यात वाईट, कारण भाराखाली ताण तिथेच सर्वाधिक येतो.

संरक्षणाची बाजू थोडक्यात सांगतो. गीझर दोन किलोवॅटचा, म्हणजे सुमारे पावणेनऊ अँपिअर. त्याला स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तार आणि भार वाढला की आपोआप पडणारा सोळा अँपिअरचा एमसीबी. सगळ्या घरावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, जो वीज माणसाच्या अंगातून किंवा दुसरीकडून जमिनीत गळू लागली की क्षणात ती तोडतो. अर्थिंगचा खड्डा पायापासून दीड मीटरहून लांब, केळीच्या आळ्याजवळ घेतला, कारण तिथली माती बारमाही ओली असते आणि अर्थिंगला ओली माती हवीच. काम परवानाधारक वायरमनकडून करून घेतलं आणि त्याचा चाचणी अहवाल महावितरणला दिला. घराचा नकाशा, पाइपांची वाट आणि कुठली केबल कुठे जाते याची चित्रं प्लास्टिकमध्ये घालून मुख्य बोर्डाच्या झाकणाच्या आत चिकटवली आहेत. जुन्या पट्टी-वायरिंगचा एक तुकडा, वीज तोडून, माडीवर होता तसाच ठेवला.

पहिल्याच पावसाळ्यानंतर या व्यवस्थेची परीक्षा झाली. खोकीमागच्या फटीत खाली जुनाच दगड आहे आणि त्याचा उतार परसाकडे. एके सकाळी काकूंना पडवीच्या बाहेर कोरड्या दगडावर बोटभर रुंदीची ओली रेघ दिसली. त्यांनी मुलाला फोन केला, त्याने मला. फळी उघडली तर गीझरच्या थंड पाण्याच्या सांध्यातून थेंब पडत होता. पाना लावून सांधा आवळायला पाच मिनिटं लागली. हाच सांधा ठेकेदाराच्या पद्धतीने टाइलमागे असता तर कधी कळलं असतं, हे तुळईच्या त्या कोपऱ्याने आम्हाला आधीच सांगितलं होतं.

काकूंकडे आता दोन कामं आहेत. महिन्यातून एकदा आरसीसीबीचं चाचणीचं बटण दाबायचं, आणि पावसाळ्याच्या आधी व दिवाळीत फटीची फळी उघडून आत हात फिरवायचा. तुळईच्या त्या टोकाचा ओलावा मी वर्षातून एकदा मोजतो. मुलाने माडीवर एसी लावायचं विचारलं आहे. त्याला मी अजून होकार दिलेला नाही, कारण एसीचं निथळतं पाणी कुठून उतरवायचं आणि ते अडलं तर कुठे दिसेल, याची वाट सापडलेली नाही. माडीच्या मागच्या खिडकीतून पाइप पडवीच्या कौलांवर न सोडता थेट परसात उतरवता आला तर विचार करू.